माल कमी उतरला, डिस्पॅचवाला दाद देत नाही: वरच्या साहेबांना पत्र कसं लिहावं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशीनशॉपचं बरंचसं कास्टिंग कोल्हापूरकडून येतं. कधीकधी बिलात असतात त्यापेक्षा नग कमी उतरतात. अशा वेळी "थेट मोठ्या साहेबांना फोन लावा आणि चार शब्द सुनवा" असा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. फोनवर भांडण होतं आणि हातात कागद काहीच उरत नाही. पै-पाहुण्यांची ओळख काढून दबाव आणणं तर त्याहून वाईट, कारण मग हिशेब बाजूला पडतो आणि मानपान सुरू होतात.

एक उदाहरण घेऊ. बिल 400 नगांचं, उतरले 352. एक नग साडेसहा किलोचा.

भरल्या आणि रिकाम्या गाडीचा काटा करा, नग ड्रायव्हरसमोर मोजा. बिल्टीच्या पोचप्रतीवर "352 मिळाले, 48 कमी" असं लिहून त्याची सही घ्या.

त्याच दिवशी डिस्पॅचला ईमेल करा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत गेली पाहिजे. नाहीतर एमएसएमई कायद्यानुसार माल पोहोचला त्या दिवशीच तुम्ही तो स्वीकारला असं धरलं जातं आणि पेमेंटची मुदत तिथपासून मोजली जाते. व्हॉट्सअॅपवरच्या "बघतो सर" वर विसंबून हे दिवस घालवू नका.

त्यांनी दिलेल्या दोन तारखा टळल्या की वर जायचं. त्याआधी डिस्पॅचवाल्याला सांगा: "उद्या मी साहेबांना लिहितोय, तुम्हालाही प्रत येईल." बऱ्याचदा एवढ्यावरच माल निघतो.

आता खरं अवघड काम, म्हणजे पत्र. मलाही हाच टप्पा सर्वात जड गेला. मनात राग असतो आणि तो पहिल्याच वाक्यात उतरतो. मी आता असं लिहितो:

"विषय: बिल 2041, 48 नग येणे, 15 तारखेपर्यंत उत्तर अपेक्षित

साहेब, सप्रेम नमस्कार.
बिल 2041 चा माल 3 तारखेला आमच्याकडे पोहोचला. बिलात 400 नग आहेत, आम्हाला 352 मिळाले. निव्वळ वजन 2290 किलो भरलं, 400 नगांचं 2600 किलो व्हायला हवं होतं. त्याच दिवशी आपल्या डिस्पॅच विभागाला ईमेल केला. 7 आणि 11 अशा दोन तारखा मिळाल्या, पण माल आला नाही. बाकी 48 नग 20 तारखेपर्यंत पाठवावेत किंवा तेवढ्याची क्रेडिट नोट द्यावी. यांपैकी काय शक्य आहे ते 15 तारखेपर्यंत कळवावं, ही विनंती. मिळालेल्या 352 नगांचं पेमेंट ठरलेल्या मुदतीत होईल. काटा पावती, पोचप्रत आणि ईमेल सोबत जोडले आहेत."

यातला "मिळाले" हा शब्द कधीही बदलू नका. "तुम्ही कमी पाठवले" असं लिहिलंत की वाद तिथेच सुरू होतो, कारण तिकडचं लोडिंग तुम्ही पाहिलेलं नसतं. नग भरतानाच कमी पडले की वाटेत गेले, हे त्यांनी त्यांच्या गेटपासवरून शोधायचं. तुमच्या दारात काय उतरलं याला मात्र काट्याची साक्ष आहे. 352 गुणिले साडेसहा म्हणजे 2288, आणि काट्यावर 2290. हे दोन आकडे शेजारी दिसले की साहेबांना मोजणीवर शंका घेता येत नाही.

"वारंवार", "बेजबाबदार", "नेहमीचंच" हे शब्द खोडा आणि त्या जागी तारखा घाला. डिस्पॅचवाल्याचं नाव पत्रात घेऊ नका, विभाग म्हणा. त्याला सीसीत ठेवा. पाठीमागून तक्रार केली असं त्याला वाटता कामा नये. पेमेंटचं वाक्य तर काही झालं तरी गाळू नका. ते नसलं की "तुम्ही पैसे अडवायला कारण शोधताय" हे उत्तर तयारच असतं. कोगनोळी नाक्यावर सीमाप्रश्नाच्या गडबडीत गाड्या अडल्या असतील, तर तो उशीर त्यांच्या नावावर मांडू नका.

मागणी एकच ठेवा. जुन्या बिलांचे वाद, दरवाढ, कास्टिंगमधले ब्लोहोल यांतलं काहीही या पत्रात नको. साहेब सोपा प्रश्न आधी सोडवतात आणि तुमचे 48 नग तसेच राहतात.

15 तारखेला उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा, पत्रातलंच बोला आणि बोलणं झाल्यावर दोन ओळींत ईमेल टाका. तरीही काही हललं नाही तर 48 नगांची डेबिट नोट काढा. न मिळालेल्या मालाचं जीएसटी क्रेडिट घेता येत नाही, हे तुमच्या अकाउंटंटला आधीच सांगून ठेवा.

नग आले की साहेबांना लगेच पोच द्या, डिस्पॅचवाल्याला सीसीत ठेवून आणि त्याचे आभार मानून. पुढची गाडी तोच भरणार असतो.