नेत्रविभागातला ‘ओडी’: दिवसातून एकदा की उजवा डोळा?

सामान्य औषध विभागात काम करून नेत्रविभागाच्या औषधकक्षात येणाऱ्या नव्या औषधनिर्मात्याला मी सर्वांत आधी ‘ओडी’ या दोन अक्षरांविषयी सांगतो. रक्तदाबाच्या गोळीपुढे लिहिलेला ओडी म्हणजे दिवसातून एकदा, हे त्याच्या हाताला इतके सवयीचे झालेले असते की तो अक्षरे वाचत नाही, थेट अर्थच वाचतो. नेत्रविभागात मात्र तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी वापरली जातात.

दोन्ही अर्थ जुन्या लॅटिन लेखनपद्धतीतून आले आहेत. ‘ऑम्नी डाय’ म्हणजे दररोज. बीडी आणि टीडीएस याच कुळातले असून त्यांतला ‘डी’ दिवसाचा आहे. ‘ऑक्युलस डेक्स्टर’ म्हणजे उजवा डोळा; त्याच्या जोडीला डाव्या डोळ्यासाठी ओएस आणि दोन्ही डोळ्यांसाठी ओयू येतात, आणि या तिन्हींतला ‘ओ’ डोळ्याचा आहे. अमेरिकेत दिवसातून एकदा यासाठी क्यूडी लिहिण्याची रीत होती, त्यामुळे तिथे ओडीचा अर्थ डोळ्याकडे अधिक झुकतो. इतर अनेक ठिकाणी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात, आणि खरा गोंधळ तिथेच होतो.

नेत्रविभागात आल्यावर ओडीचा जुना अर्थ विसरून नवा शिकला की झाले, असे नवख्यांना वाटते. तसे नाही, कारण एकाच चिठ्ठीत दोन्ही अर्थ येऊ शकतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत नेतात. अशी एक ओळ पाहा: ‘प्रेडनिसोलोन अॅसिटेट १ टक्का, १ थेंब, ओडी, क्यूआयडी १ आठवडा, टीडीएस १ आठवडा, बीडी १ आठवडा, ओडी १ आठवडा.’ यातला पहिला ओडी उजवा डोळा आहे, कारण त्याला लागूनच क्यूआयडी, म्हणजे दिवसातून चार वेळा, असे आले आहे आणि एका आठवड्यासाठी दोन वेळापत्रके असू शकत नाहीत. शेवटचा ओडी मात्र चार, तीन, दोन या उतरत्या क्रमातला ‘एक’ आहे. तोही उजवा डोळा म्हणून वाचला, तर शेवटच्या आठवड्यासाठी वारंवारता उरतच नाही. रुग्ण बहुधा दोनदा थेंब घालत राहतो आणि स्टेरॉइड ठरल्यापेक्षा जास्त जाते. काही जणांमध्ये स्टेरॉइडमुळे डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून ही चूक किरकोळ मानू नये.

याच चिठ्ठीच्या खालच्या ओळीत एखादी गोळी असेल, तर तिच्यापुढचा ओडी अर्थातच दिवसातून एकदा. चष्म्याच्या नंबरापुढचा ओडी नेहमीच उजवा डोळा. हे दोन्ही सोपे आहे.

अवघड चिठ्ठी दिसायला सर्वांत साधी असते: ‘लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के, १ थेंब, ओडी.’ काचबिंदूचे हे औषध मुळातच दिवसातून एकदा, बहुधा रात्री घालायचे असते, त्यामुळे ओडीचा तो अर्थ अगदी चपखल बसतो. पण मग कोणता डोळा, हे कळत नाही. उजवा डोळा धरला, तर वेळ औषधाच्या नेहमीच्या मात्रेवरून भरून काढता येते आणि वाक्य पूर्ण झाल्यासारखे वाटते. मात्र डॉक्टरांना दोन्ही डोळे अभिप्रेत असतील, तर डावा डोळा औषधाविना राहतो. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही आणि सुरुवातीला दिसण्यातही फरक जाणवत नाही, त्यामुळे ही चूक रुग्णाच्या तक्रारीतून समोर येत नाही. ती पुढच्या तपासणीत दाब मोजल्यावरच कळते. इथे संदर्भावरून अर्थ लावू नये, लिहिणाऱ्याला विचारावे.

विचारण्याचीही एक पद्धत आहे. ‘ओडी म्हणजे उजवाच ना?’ असे विचारले की घाईत ‘हो’ येते. त्याऐवजी ‘कोणत्या डोळ्यात आणि दिवसातून किती वेळा?’ असे विचारावे, मिळालेले उत्तर पूर्ण शब्दांत परत वाचून दाखवावे आणि चिठ्ठीवर तसेच लिहून घ्यावे.

उलट्या दिशेची चूकही घडते. औषधांच्या सुरक्षित वापरासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ या संस्थेच्या धोकादायक संक्षेपांच्या यादीत ओडी आहे, आणि दिवसातून एकदा पोटात घ्यायचे द्रव औषध उजव्या डोळ्यात घातले गेल्याचा उल्लेख त्यासमोर आहे. म्हणून बाटलीच्या लेबलावर मी ओडी कोणत्याच अर्थाने येऊ देत नाही. वर सांगितलेल्या थेंबांच्या लेबलावर ‘फक्त उजव्या डोळ्यात’ ही ओळ वेगळी येते, आणि तिच्याखाली प्रत्येक आठवड्याची तारीख व त्या आठवड्यात दिवसातून किती वेळा, हे शब्दांत येते.