मेसमध्ये आमटी कमी पडते तेव्हा आधी डाव मोजा: माणशी प्रमाण काढताना या चुका टाळा

रात्री पावणेनऊला आमटीचं पातेलं रिकामं झालं, आणि रांगेत अजून तीस मुलं ताटं घेऊन उभी. त्या रात्री जेवायला १२० जण होते. तूरडाळ मी स्वतः तोलून घेतली होती, ३ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे माणशी ३० ग्रॅम. हे प्रमाण वर्षभर पुरत आलं होतं. मेस सेक्रेटरी म्हणाला, "काका, उद्यापासून डाळ वाढवा." मी वाढवली, साडेचार किलो घातली. पाणी मात्र नेहमीसारखंच पातेल्यावरच्या खुणेपर्यंत. दुसऱ्या दिवशी आमटी घट्ट झाली, चवही बरी लागली, आणि तीस मुलं पुन्हा राहिली.

तिसऱ्या दिवशी कारण सापडलं. जुन्या डावाचा दांडा तुटला म्हणून त्या आठवड्यात नवा डाव आला होता. मापाच्या मगात पाणी ओतून पाहिलं, तर जुना ९० मिलिलिटरचा आणि नवा १२० चा. ३ किलो ६०० ग्रॅम डाळीची आमच्याकडे साधारण २१ लिटर ६०० मिलिलिटर आमटी होते, डाळीच्या सहापट. वाढणारा सवयीने प्रत्येकाला दोन डाव घालायचा. जुन्या डावाने माणशी १८० मिलिलिटर जायची, ती बरोबर १२० जणांना पुरायची. नव्याने २४० जाऊ लागली, आणि तेवढीच आमटी नव्वद जणांत संपली. राहिलेली तीस मुलं ती हीच.

हा प्रसंग सविस्तर सांगितला, कारण मेसमध्ये पदार्थ कमी पडला की पहिला हात कोठीकडे जातो. पोतं आणि ताट यांच्यामध्ये निवडणं, सोलणं, शिजणं आणि वाढणं इतके टप्पे आहेत, आणि बहुतेक वेळा घोळ त्यातल्याच एखाद्यात असतो. कोणता पदार्थ कमी पडला याइतकंच तो कितव्या माणसाला संपला हे विचारा. रोज साधारण त्याच आकड्याला संपत असेल, तर वाढण्याचं माप तपासा. आकडा रोज वेगळा येत असेल, तर जेवणाऱ्यांची संख्या चुकते आहे.

पोळीचंही असंच होतं. एक किलो कणकेत सहाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी जातं आणि एक किलो सहाशे ग्रॅम गोळा तयार होतो. ४० ग्रॅमचा उंडा केला तर चाळीस पोळ्या होतात, म्हणजे पोळीमागे २५ ग्रॅम पीठ. त्याच कणकेचे ५० ग्रॅमचे उंडे केले की बत्तीसच पोळ्या. दोन मावशी शेजारी बसून लाटत असतील तर दोघींचे चार-चार उंडे काट्यावर ठेवून बघा. पोळ्या कमी पडल्या की पिठाला दोष देतात, पण फरक बऱ्याचदा हाताच्या सवयीत असतो.

भाजीचं वजन: बाजारातलं की कढईतलं?

सर्वात जास्त चुका इथे होतात. माणशी १५० ग्रॅम भाजी असं तक्त्यात लिहिलेलं असतं, पण ती निवडण्याआधी की नंतर हे कोणी लिहीत नाही. १२० जणांना १८ किलो, म्हणून ९ किलो फ्लॉवर आणि ९ किलो बटाटा आणला, असं समजा. फ्लॉवरचा पाला आणि दांडा काढल्यावर आमच्याकडे शेकडा साठच्या आसपास हाती लागतो, म्हणजे ५ किलो ४०० ग्रॅम. बटाटा सोलून ७ किलो ६५० ग्रॅम. कढईत एकूण १३ किलो पडलं, माणशी ११० ग्रॅमसुद्धा नाही. मुलं म्हणतात भाजी कमी असते, आणि बिल दाखवतं की १८ किलो आणली. दोघंही खरं बोलत असतात.

आता यावर जो उपाय केला जातो, तोही चुकीचा असतो. ४० टक्के वाया जातं ना, मग ४० टक्के जास्त आणू. निवडलेला ९ किलो फ्लॉवर हवा, म्हणून १२ किलो ६०० ग्रॅम आणला. निवडल्यावर त्यातलाही साठ टक्केच उरतो, साडेसात किलोच्या आसपास. दीड किलोची तूट राहिलीच. कारण वाढवलेल्या भाजीलाही पाला आणि दांडा असतो. इथे बेरीज चालत नाही, भागाकार करावा लागतो: हवी तेवढी निवडलेली भाजी भागिले हाती लागणारा हिस्सा. ९ भागिले ०.६ म्हणजे १५ किलो फ्लॉवर. बटाट्याचे ९ भागिले ०.८५, म्हणजे साडेदहा किलोच्या वर थोडा.

हा हिस्सा दुसऱ्याच्या तक्त्यातून घेऊ नका. भाजी आली की एकदा तोला, निवडून झाली की पुन्हा तोला, आणि दोन्ही आकडे भिंतीवरच्या फळ्यावर लिहा. मटारच्या शेंगा सोलल्या की साधारण निम्मा दाणा मिळतो. वांगी आणि कोबी फारसं वाया जात नाहीत. मेथीची जुडी तर ऋतूप्रमाणे आणि दांड्याच्या जाडीप्रमाणे बदलते, शिवाय कढईत ती बसते ते वेगळंच. पालेभाजीला म्हणूनच डाळ किंवा बेसन लावून पुरवठा करायचा, नाहीतर ताटात चमचाभर दिसते.

शाळेचं प्रमाण वसतिगृहाला लावणं

शाळेच्या पोषण आहारात काम केलेले स्वयंपाकी कॉलेजच्या मेसवर आले की आपलं माप सोबत आणतात. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, आणि सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. हे आकडे कच्च्या मालाचे आहेत, आणि शाळेतल्या मुलाच्या एका दुपारच्या जेवणासाठी ठरवलेले. अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या रात्रीच्या जेवणाला मी धान्य १७० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम आणि निवडलेली भाजी १५० ग्रॅम धरतो. डाळ जुळते म्हणून बाकीचंही जुळेल असं वाटतं, आणि भाजी निम्म्यावर येते. माझे आकडेही सुरुवातीपुरतेच घ्या. मुलींच्या वसतिगृहात, किंवा खेळाडू मुलं जास्त असतील तिथे, ते महिनाभरात बदलावे लागतील.

पोळी आणि भात वेगवेगळे मोजणं

१७० ग्रॅम धान्य म्हटलं ते दोन्ही मिळून. रोजच्या जेवणाला मी ९० ग्रॅम कणीक आणि ८० ग्रॅम तांदूळ धरतो. पण राजमा किंवा कढी असली की मुलं दोन पोळ्यांवर थांबतात आणि भात दोनदा घेतात. त्या रात्री तक्त्याप्रमाणेच केलं तर पोळ्यांची चळत उरते आणि भात साडेआठलाच खरवडावा लागतो. मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगतं, पोळ्या कमी करा आणि तांदूळ वाढवा. पण दुसऱ्या दिवशी भरली वांगी असतात, आणि पोळ्या कमी पडतात. राजम्याच्या दिवशी कणीक ५० ग्रॅम आणि तांदूळ १२० ग्रॅम धरा. एकूण तेवढंच राहतं, फक्त वाटणी बदलते. आठवड्याच्या मेनूतल्या प्रत्येक जेवणापुढे ही वाटणी लिहून ठेवली की कालच्या उरण्यावरून आजचं ठरवण्याची वेळ येत नाही.

पोतं बदललं की मात्र तांदळाचं प्रमाण पुन्हा तपासावं लागतं. जुना तांदूळ जास्त पाणी पितो, शिजल्यावर वजनाला तिपटीजवळ जातो. नवा अडीचपटीतच चिकट होतो, पाणी वाढवलं तर गिचका. १२० जणांचा ९ किलो ६०० ग्रॅम तांदूळ जुना असेल तर २८ किलोपर्यंत भात देतो, नवा असेल तर २४ किलो. चार किलो भात म्हणजे सतराएक मुलांचा वाटा. नवीन पोतं उघडलं की त्यातला एक किलो वेगळा शिजवून तोला, अर्ध्या तासाचं काम आहे.

हजेरीपटाने गुणणं

आमच्या पटावर १४० नावं होती आणि जेवायला सरासरी १२०. शुक्रवारी रात्री नव्वदपर्यंत उतरायची, परीक्षेच्या आठवड्यात पूर्ण १४०. पटाने गुणलं की शुक्रवारी अन्न फेकावं लागतं, सरासरीने गुणलं की परीक्षेत मुलं उपाशी राहतात. धुवायला आलेली ताटं रोज मोजा, वार आणि मेनूसह लिहा. महिन्याभरात प्रत्येक वाराचा आकडा दिसू लागतो. त्यात मावशी, वाढपी आणि वॉचमनची ताटं धरायला विसरू नका. आमच्याकडे ती आठ होती, आणि कित्येक महिने त्यांचं जेवण मुलांच्या वाट्यातून जात होतं.

उरलेल्याची नोंद करतानाही एक चूक सर्रास होते. ५ किलो भात उरला म्हणून उद्याचा तांदूळ ५ किलोने कमी करतात. ५ किलो भात म्हणजे कच्चा तांदूळ फार तर दोन किलो. आणि पातेल्यात उरलेलं वेगळं, ताटात टाकलेलं वेगळं. ताटात भाजी पडून राहिली तर ती जास्त झाली असं समजू नका, आधी ती चाखून बघा. उरलं काहीच नाही तर नोंदवहीत शून्य लिहून थांबू नका, पातेलं किती वाजता संपलं ते लिहा. साडेनऊला संपलेलं शून्य आणि पावणेनऊला संपलेलं शून्य एकच नव्हे.

मटकी, राजमा, छोले असतील तर त्या दिवशी सकाळी घेतलेली जेवणाऱ्यांची नावं कामाची नाहीत. कडधान्य आदल्या रात्री भिजतं, मटकीला मोड यायला त्याहून एक दिवस जास्त लागतो. त्या जेवणांसाठी नावांचा कागद आदल्या दिवशी दुपारीच, मटकीसाठी त्याच्याही आदल्या दिवशी, दाराला लावा आणि संध्याकाळी सातला काढून घ्या. आकडा आला नाही तर त्या वाराचा जुना आकडा धरा, आणि सकाळी माणसं वाढली तर उसळीत बटाटा घाला. भिजवलेलं परत कोरडं करता येत नाही.