राउटर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताबाहेर कसा ठेवावा

वहिनींच्या दवाखान्यात राउटर बाकाच्या वरच, पेपर ठेवायच्या फळीवर होता. एका दुपारी बिलाचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही बंद पडले. फोनवर पाहिलं तर नेहमीचं वायफाय गायब, आणि त्याच्या जागी कंपनीचं मूळ नाव झळकत होतं. कुणीतरी मागच्या बारीक भोकात पिन खुपसली होती. आतलं बटण साधारण दहा सेकंद दाबून धरलं की राउटर कोरा होतो. तुमचा पासवर्ड पुसला जातो आणि तळाच्या स्टिकरवर छापलेला लागू होतो. कनेक्शनचं युजरनेमही पुसलं गेलं होतं, त्यामुळे इंटरनेटवाला येईपर्यंत संध्याकाळ झाली.

रिसेट निदान लगेच कळतो. खरे फसवे ते लॅन पोर्ट. तिथे केबल खोचणाऱ्याला वायफायचा पासवर्ड कुणी विचारत नाही, आणि गेस्ट वायफाय वेगळं ठेवलेलं असलं तरी बहुतेक घरगुती राउटरमध्ये ही केबल थेट मुख्य नेटवर्कात जाते. डब्ल्यूपीएसचं बटण दाबलं तर दोनेक मिनिटं पासवर्डाशिवाय लॅपटॉप जोडता येतो.

म्हणून आधी जागा बदला. काउंटरच्या आतली भिंत किंवा आतली खोली, हात सहज पोचणार नाही इतक्या उंचीवर. जागा बदलता येत नसेल तर कुलपाची पेटी करा, पण प्लायवूडची किंवा प्लास्टिकची. लोखंडी कपाटात सिग्नल कोंडतो. राउटर तापतो, तेव्हा खाली आणि वर भोकं हवीत. भोकं बोट जाणार नाही इतकी लहान ठेवा आणि मागच्या बटणासमोर एकही नको. अ‍ॅडॉप्टर आणि त्याचा प्लगही पेटीतच घ्या, नाहीतर कुणीतरी तो काढून मोबाइल चार्जिंगला लावणारच.

फायबरची बारीक वायर पेटीत कोंबताना घडी घालू नका, चहाच्या कपाच्या तोंडाएवढी गोलाई राहू द्या. वायर दुमडली की एलओएसचा लाल दिवा लागतो आणि नेट बंद. दार लावून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसून सिग्नल बघा, मगच स्क्रू पक्के करा.

यानंतर ब्राउझरमध्ये `192.168.1.1` उघडा (पत्ता वेगळा असल्यास स्टिकरवर असतो). डब्ल्यूपीएस बंद करा. स्टिकरवरचाच पासवर्ड अजून चालू असेल तर वायफायचा आणि सेटिंगचा, दोन्ही बदला; स्टिकरचा फोटो एव्हाना कुणाच्या मोबाइलमध्ये असेल, सांगता येत नाही. काही राउटरवर रिकामे पोर्टही इथूनच बंद करता येतात. येत नसतील तर पोर्टात बसणारी, चावीनेच निघणारी प्लास्टिकची बुचं मिळतात. नुसती साधी बुचं धूळ अडवतात, माणूस नाही.

याच पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. केबलने जोडलेलं अनोळखी नाव दिसलं तर वायर हाताने पकडून शेवटापर्यंत जा. वहिनींकडे ती एकदा भिंतीमागून थेट शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात निघाली.