ऐकण्याच्या मशीनच्या मोल्डमुळे कान पुन्हा पुन्हा भरतो, वाहतो? या चुका टाळा

थेंब घातले की कान बरा होतो. मोल्ड, म्हणजे मशीनचा कानात घट्ट बसणारा साचा, पुन्हा घातला की काही आठवड्यांत खाज सुरू होते, मशीन शिट्टी मारायला लागतं आणि मग कान वाहतो. कानामागचं मशीन वापरणाऱ्या अनेकांची हीच रड असते. घरचे म्हणतात, "यांच्या कानात मळच फार होतो." मळ तयार होण्यात फारसा फरक नसतो, त्याची बाहेर पडायची वाट बंद झालेली असते.

मळ कानाच्या नळीच्या फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात तयार होतो. नळीची कातडी हळूहळू बाहेर सरकत असते. चावताना, बोलताना जबडा हलतो आणि कोरडा झालेला मळ आपोआप बाहेर पडतो. मोल्ड नेमका या वाटेत बूच मारून बसतो. मळ आत साठतो, दिवसभराचा घाम आणि दमट हवा आत कोंडते, कातडी भिजून मऊ पडते. मळाचा थोडा आम्लधर्म जंतूंना रोखत असतो, तोही ओलाव्याने कमी होतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हा त्रास वाढतो तो म्हणूनच.

शिट्टी वाजली, आवाज गेला, म्हणजे मशीन बिघडलं असं नाही

दुकानात धाव घेण्याआधी एक साधी तपासणी करा. मोल्ड कानातून काढून त्याची नळी मशीनच्या हुकपासून ओढून वेगळी करा. मशीन चालू करून मुठीत धरा. शिट्टी वाजली तर बॅटरी आणि मशीन चालू आहे. आता रबरी फुग्याने नळीच्या टोकातून हवा मारा. मोल्डच्या कानात जाणाऱ्या भोकातून हवा आली नाही, तर मळ तिथे अडकला आहे. हवा नीट येते, मोल्ड कानात नीट बसतो, तरीही ऐकू कमी येतं किंवा शिट्टी वाजते? मग कान आतून मळाने भरलेला असण्याची शक्यता मोठी. समोर मळाची भिंत असली की आवाज तिच्यावर आपटून परत येतो आणि मशीनचा माईक तोच पकडतो. अशा वेळी काही जण आवाज वाढवत जातात आणि शिट्टी आणखी वाढते. नळी पिवळी, कडक किंवा तडकलेली असेल तर तिथूनही आवाज गळतो. ती साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलायची असते.

बड, पिन आणि गरम तेल

बडने थोडा मळ बाहेर येतो आणि उरलेला आत, पडद्याकडे ढकलला जातो. मोल्ड वापरणाऱ्याच्या कानात हे रोज दोनदा घडतं, एकदा बडने आणि एकदा मोल्डने. शिवाय भिजलेल्या कातडीला बडचा ओरखडा लागला की जंतूंना दार उघडलंच.

तेलाचं मात्र घरोघरी कौतुक आहे. लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल, त्यावर कापूस, आणि वर लगेच मोल्ड! या मिश्रणात बुरशी झकास वाढते. मळ मऊ करायचाच असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले थेंब सांगितलेल्या दिवसांपुरते, रात्री, मोल्ड काढल्यावर घाला. थेंबांनी मळ फुगतो, त्यामुळे दोन-तीन दिवस ऐकू आणखी कमी आलं तर घाबरू नका. आणि पडद्याला भोक असेल, पूर्वी कान फुटला असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कानात काहीही घालू नका, पाणीही नाही. मशीन वापरणाऱ्यांत असे कान बरेच असतात.

कान बरा केला, मोल्ड तसाच

चिपळूणकडच्या एक आजी दर पावसाळ्यात वाहता कान घेऊन यायच्या. मशीन उजव्या कानात, त्याशिवाय फारसं ऐकू येत नाही, म्हणून दिवसभर लावलेलं. पहिल्या वेळी कान साफ करून थेंब दिले, आठवड्यात बरं वाटलं. मोल्ड त्यांनी कपड्याने पुसून लगेच घातला. पुन्हा खाज. या वेळी घरातल्या उरलेल्या त्याच अँटिबायोटिक थेंबांनी काम भागवलं. खाज वाढतच गेली. तपासलं तर कानात ओल्या कागदासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. अँटिबायोटिक थेंब जास्त दिवस वापरले की जंतू मरतात आणि बुरशीला जागा मोकळी मिळते, तेच झालं होतं. मोल्ड हातात घेतल्यावर उरलेलं कोडं सुटलं. नळीच्या आत पाण्याचे बारीक थेंब, मोल्डच्या भोकात तपकिरी थर, अॅक्रिलिकवर एक चीर. कान स्वच्छ केला, बुरशीचे थेंब दिले आणि डॉक्टर "आता चालेल" म्हणेपर्यंत मोल्ड बंद. मधल्या काळात आजींना ऐकायला त्रास झाला, सुनेशी कुरबूर झाली, पण पर्याय नव्हता. चीर गेलेल्या मोल्डऐवजी नवा करून घेतला, कारण चिरेतली घाण धुऊन निघत नाही. नव्या मोल्डला हवेसाठी बारीक भोक ठेवता येतं का, हे ऑडिओलॉजिस्टना विचारलं. कमी ऐकू येण्याचं प्रमाण फार असेल तर त्या भोकातून शिट्टी येते. आजींच्या बाबतीत तसंच होतं, म्हणून ते जमलं नाही. त्यामुळे रोज कानाला विश्रांती देण्यावरच भर द्यावा लागला.

रोजची रीत

रात्री झोपताना मोल्ड काढाच. कोरड्या मऊ कपड्याने पुसा, भोकावरचा मळ दिसला तरी ओला असताना टोचू नका, आत जातो. रात्रभर बॅटरीचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सकाळी वाळलेला मळ ब्रशने सहज निघतो. ब्रश मारताना भोक खाली धरा, म्हणजे कण नळीत न जाता खाली पडतील.

आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी, मोल्ड धुवा. नळी हुकपासून सोडवली की मशीन दूर ठेवा, पाणी फक्त मोल्डला लागलं पाहिजे. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, मग भरपूर साधं पाणी, कारण राहिलेला साबण कातडीला झोंबतो. नळीतलं पाणी फुग्याने बाहेर काढा. तोंडाने फुंकू नका, त्याने उलट ओलावाच जातो. मग रात्रभर सुकू द्या. स्पिरिट आणि हेअर ड्रायर दोन्ही नकोत. मोल्ड खराब होतो, आकार बदलतो आणि मग तो कानात घासतो. हे सगळं फक्त नळीवाल्या मोल्डसाठी आहे. ज्या मशीनचा स्पीकरच कानात जातो त्याला पाणी लावायचं नाही.

आंघोळीनंतर अर्धा तास तरी मोल्ड घालू नका. घरी असताना, कोणी बोलायला नसेल तेव्हा तासभर काढून ठेवला तरी कानाला वारा मिळतो.

कधी थांबायचं

नुसती खाज असेल तर एखादा दिवस मोल्ड काढून पाहा. कानाची पाळी ओढल्यावर किंवा कानासमोरचा उंचवटा दाबल्यावर दुखलं, वास आला, पाणी आलं, तर मोल्ड बाहेर आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. नवा मोल्ड केल्यापासून लालसरपणा मोल्डच्याच आकारात उमटत असेल, तर कदाचित त्या पदार्थाची ॲलर्जी असेल. दुसऱ्या मटेरियलचा मोल्ड करता येतो.

मधुमेह असेल तर मात्र "बघू दोन दिवस" नको. कान वाहतोय आणि रात्री झोप मोडेल असा ठणका आहे, किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडलीय, तर संसर्ग हाडापर्यंत पोहोचलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.