आजीच्या ओव्या चॅटबॉटला विचारताय? या चुका टाळा

आजीनं रेवाला दोन ओळी म्हणून दाखवल्या:

दळण सरलं गं, ओंजळीत उरं पीठ
माझ्या सोनाईच्या गाली, लावा काजळाची तीट

रेवानं त्या चॅटबॉटमध्ये टाइप केल्या आणि खाली विचारलं, ही ओवी कोणत्या संताची? उत्तर लगेच आलं: जनाबाईंची. सोबत सहा-सात ओळींचा भावार्थही. रेवा खूश झाली. आजी मात्र तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अगं, सोनाई म्हणजे मी. माझ्या बारशाच्या आधी आईनं जात्यावर जुळवलेली ओवी आहे ती. कागदावर कधी आलीच नाही."

उत्तर प्रश्नातच देऊ नका

'कोणत्या संताची' असं विचारलं, की कुणीतरी संत आहेच हे आपण आधीच कबूल केलेलं असतं. चॅटबॉट वहीत बघून सांगत नाही. पूर्वी वाचलेल्या मजकुरावरून पुढे कोणते शब्द शोभतील, ते तो जुळवतो. जनाबाईंच्या अभंगांत दळणकांडण येतं. तेव्हा दळण, ओवी आणि संत हे तीन शब्द एकत्र दिसल्यावर त्याच नावाकडे तो वळला, यात नवल नाही.

रेवानं मग नवीन चॅट उघडलं. जुन्यातच विचारलं असतं तर आधीचं उत्तर त्याच्यासमोर राहिलं असतं. या वेळी प्रश्न साधा होता: ही ओवी कुठे नोंदलेली आहे का, माहीत नसेल तर तसं सांग. आता जनाबाई गायब झाल्या आणि ओवी एका प्रदेशाची पारंपरिक ठरली. तिसऱ्या नव्या चॅटमध्ये फक्त पहिली ओळ देऊन पुढची मागितली, तर 'पीठ'शी यमक जुळवणारी वेगळीच ओळ हजर झाली. एकाच ओवीबद्दल दर वेळी वेगळं उत्तर येत असेल, तर ते आठवलेलं नाही, रचलेलं आहे असं समजा. 'चुकलं' म्हटल्यावर तो माफी मागून नवं नाव देतो, तीही खात्री नव्हे.

ओळ ओवीसारखी वाटते, एवढ्यावर विसंबू नका

मला ही सगळ्यात फसवी चूक वाटते. जात्यावरच्या ओवीचा साचा बहुतेकदा ओळखीचा असतो: 'पहिली माझी ओवी'सारखी सुरुवात, मध्ये 'गं' आणि 'बाई', शेवटी यमक. एवढं सांभाळलं की कोणतीही ओळ जुनी वाटते. 'ऐलमा पैलमा'ची सुरुवात चॅटबॉटनं बरोबर दिली, कारण ते गाणं असंख्य ठिकाणी छापलेलं आहे. पुढे मात्र दोन-तीन गाण्यांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या.

रेवानं विचारलं, "पण आजी, बायकाही ओळी बदलायच्याच ना? मग यानं बदलल्या तर काय बिघडलं?"

"आम्ही बदलायचो. पण विचारलंस तर सांगता येतं, ही मावशीची, ही माहेरची. याला विचार, ही कुणाकडून ऐकलीस?"

पाठभेद ओळखायचा तो असा. त्याच्यामागे कुणीतरी गाणारी असते.

पडताळताना संपूर्ण ओळ शोधू नका, कारण 'उरं', 'उरे', 'उरतं' एवढ्या फरकानंही ती निसटते. 'काजळाची तीट'सारखे दोन-तीन नेमके शब्द घ्या. साने गुरुजींचं 'स्त्रीजीवन' हे ओव्यांचं पुस्तक चाळा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी सुरू केलेल्या कामातून जमा झालेल्या १ लाखाहून अधिक ओव्या आता ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळाकडे आहेत, तिथंही बघा. चॅटबॉटनं दुवा दिला तर तो उघडा आणि ती ओळ तिथं खरंच आहे का, हे डोळ्यांनी पाहा. कुठेच सापडली नाही, तर ओवी खोटी ठरत नाही. ती अजून लिहिली गेलेली नाही, इतकंच.

आधी रेकॉर्डिंग, मग चॅटबॉट

रेवानं इथं क्रम उलटा केला. चॅटबॉटनं आजीच्या ओळी 'शुद्ध' करून 'दळण संपले गं' असं लिहिलं होतं, आणि तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सरलं' जाऊन 'संपले' आलं आणि लयच अडखळली. तिसऱ्या चॅटमधली यमक जुळवलेली ती ओळही तिनं वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणत होती. पहिली ओळ तिच्या आईची होती. दुसरी चॅटबॉटची. रेवानं हातातलं सगळं टाकून फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाली, "आजी, थांब. तुझी आई कशी म्हणायची? तीट कुठं लावायची?"

आजी घडी हातात धरून थोडा वेळ गप्प राहिली. मग आधी नुसती चाल आली, आणि चालीमागून शब्द.