पॉइंटनंतरचा आकडा

लातूरच्या प्रिंटर दुरुस्तीच्या दुकानात लागून मला दोनच महिने झाले होते. पीक विम्याच्या गर्दीचे दिवस. उदगीरकडच्या एका सेवा केंद्रावरून व्हॉट्सॲपवर लेझर प्रिंटरच्या स्क्रीनचा फोटो आला, खाली मेसेज: "दादा, तीनदा बंद-चालू करून बघायलोय, चालूच होईना. बाहेर लाइन लागलीय."

ट्यूबलाइटचा उजेड नेमका स्क्रीनवर पडलेला. मला 50 आणि Error एवढंच दिसलं. त्या मशीनवर 50 म्हणजे फ्यूजर, कागदावर टोनर तापवून चिकटवणारा भाग, हे पाठ होतं, म्हणून लगेच लिहून टाकलं, "फ्यूजर गेलं, मशीन घेऊन या."

मालकांनी मागून वाचलं. "पॉइंटनंतर काय आहे?"

तिथंच सगळं असतं. 50.1 म्हणजे फ्यूजर पुरेसा तापत नाही, 50.2 म्हणजे तापायला ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ घेतो, 50.3 म्हणजे नको तितका तापला. मी दुसरा फोटो मागवला: ट्यूबलाइट बंद करून, मोबाइल जरा तिरका धरून, पूर्ण पॅनल दिसेल असा. मजकूर आलटून-पालटून बदलत असेल तर दोन्ही वेळचा. आणि मशीन बंद करायच्या आधी, कारण बंद केलं की स्क्रीनवरचा कोड जातो. आला तो असा:

```
50.2 Fuser Error
```

मग मालकांनी तिसरा फोटो मागायला लावला, प्लग कुठं खोचलाय त्याचा. कॉम्प्युटरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये! असला यूपीएस साडेतीनशे-चारशे वॅट कसाबसा देतो; फ्यूजर तापताना लेझर प्रिंटर त्याहून कितीतरी जास्त ओढतो. वीज कमी पडली की तापायला उशीर, आणि उशीर झाला की 50.2.

मी एकेक पायरी वेगळ्या मेसेजमध्ये पाठवली आणि "झालं" आल्याशिवाय पुढची दिली नाही. आधी मशीन बंद करून वायर काढा. एक्स्टेंशन बोर्डही नको, थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. मग चालू न करता अर्धा तास थांबा, फ्यूजर पुरता थंड होऊ द्या. लाइन लागलेल्या माणसाला हे पटवणंच अवघड जातं. तीनदा बंद-चालू करून काही साधलं नव्हतं, कारण मध्ये दोन-दोन मिनिटंच गेलेली. मागचं झाकण उघडून काही ओढायला मी सांगितलं नाही. तिथं दोनशे अंशांच्या आसपास ताप असतो, बोट भाजतं. थेट सॉकेटवरही 50.2 आला असता, तर आधी व्होल्टेज बघायचं आणि ते नीट असेल तरच मशीन दुकानात. 50.3 असता तर पुन्हा चालू करून बघायचा नादच सोडायचा.

पस्तीस मिनिटांनी टेस्ट पेजचा फोटो आला.

संध्याकाळी पुन्हा फोटो. या वेळी तिरका, स्वच्छ: 50.2. लाइट गेली होती, त्यांनी वायर परत यूपीएसला खोचली होती.