शिष्यवृत्तीच्या एसओपीमधील ध्येयाचा परिच्छेद : पहिल्या पिढीतील एका पदवीधराचा अनुभव

शिष्यवृत्तीच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे एसओपीमध्ये, सर्वांत अवघड भाग ध्येयाचा असतो. घरात आपल्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेली नसेल, तर तो अधिकच अवघड जातो, कारण पदव्युत्तर शिक्षणानंतर नेमकी कोणती कामे मिळतात, ती कोण देते आणि त्यांच्यापर्यंत पोचायला किती वर्षे लागतात, हे आपण जवळून पाहिलेले नसते. मग "मला या क्षेत्रात योगदान देऊन समाजाचे ऋण फेडायचे आहे" अशी वाक्ये कागदावर उतरतात. लिहिणाऱ्याची भावना तेव्हा खरीच असते. पण तेच वाक्य इतर शेकडो अर्जांतही असल्यामुळे निवड समितीला त्यावरून काही ठरवता येत नाही.

विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लिहिलेला एसओपी थोड्याफार बदलाने शिष्यवृत्तीसाठी पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पेलेल का, हे विद्यापीठ मुख्यतः पाहते. शिष्यवृत्ती देणारी संस्था त्यापुढे जाऊन, या खर्चातून पुढे काय उभे राहील, असे विचारते. ब्रिटिश सरकारच्या चिवनिंग शिष्यवृत्तीत शिक्षण संपल्यावर किमान २ वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट असते. अशा ठिकाणी परतल्यावर काय करणार, हे अर्जाच्या शेवटी एका ओळीत उरकून चालत नाही.

माझी पदवी रसायनशास्त्राची. पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत असताना मी भूजलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकरिता शिष्यवृत्तीचा अर्ज केला. "पाण्याचे प्रदूषण कमी करणे" एवढेच ध्येय लिहिले असते, तर ते नाकारण्यासारखेही नव्हते आणि निवडण्यासारखेही नव्हते. म्हणून आधी मी स्वतःला विचारले, की प्रदूषण म्हणजे कशाचे, आणि त्याबद्दल माझ्याकडे असे काय आहे, जे मी केवळ वाचलेले नसून पाहिलेले आहे? उत्तर होते नायट्रेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ते वाढले तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना मुख्य धोका असतो. आमच्याकडे अनेक विहिरींचा नमुना वर्षातून एकदाच येई. शेतातील खताचा अंश पावसाबरोबर झिरपत जातो, त्यामुळे उथळ विहिरीतील हे प्रमाण ऋतूनुसार बदलू शकते. कोरड्या महिन्यात घेतलेल्या एकाच नमुन्यावर "पाणी योग्य" असा शेरा मिळालेली विहीर वर्षभर योग्य असेलच, असे म्हणता येत नाही.

यानंतरचा प्रश्न असा, की मला आज काय करता येत नाही. एसओपीचा कणा इथे आहे, असे मी मानते, कारण शिक्षणाची गरज याच उत्तरातून सिद्ध होते. नमुन्यातील नायट्रेट मोजणे मला येत होते. पण हाती मोजकाच निधी असताना कोणत्या विहिरी निवडायच्या, नमुने कोणत्या महिन्यांत घ्यायचे आणि किती नमुन्यांवरून निष्कर्ष काढणे रास्त ठरते, हे ठरवायला जमिनीखालील पाण्याच्या प्रवाहाचे आणि संख्याशास्त्राचे जे ज्ञान लागते, ते माझ्याकडे नव्हते. त्यातून परिच्छेद असा तयार झाला :

"प्रयोगशाळेत मी विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट मोजते, मात्र वर्षातील एका नमुन्यावरून त्या विहिरीबद्दल काय सांगता येते आणि काय नाही, हे ठरवण्याचे प्रशिक्षण मला मिळालेले नाही. या अभ्यासक्रमातील भूजल प्रवाह आणि पर्यावरणीय संख्याशास्त्र हे विषय मला त्यासाठी हवे आहेत. परतल्यावर लहान वस्त्यांच्या पाणीपुरवठ्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेत पाणी गुणवत्तेचे काम मिळवणे आणि पहिल्या २ वर्षांत उथळ विहिरींसाठी ऋतूनुसार नमुने घेण्याची, उपलब्ध निधीत बसणारी योजना तयार करून ती काही विहिरींवर तपासणे, हे माझे पहिले उद्दिष्ट आहे. ती उपयुक्त ठरली, तर तपासणीचे वेळापत्रक ठरवणाऱ्या पातळीवर काम करण्याची माझी इच्छा आहे."

यात "काही विहिरींवर" आणि "उपयुक्त ठरली, तर" हे शब्द मी जाणीवपूर्वक ठेवले. जवळचे उद्दिष्ट ठाम आणि दूरचे सशर्त असावे, कारण दहा वर्षांनंतरचे पद आज कोणालाच ठाऊक नसते आणि ते ठाऊक असल्यासारखे लिहिले की वाचणाऱ्याचा जवळच्या उद्दिष्टावरचा विश्वासही कमी होतो. विषयांची नावे विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या अभ्यासक्रम पुस्तिकेतून घ्यावीत. ऐच्छिक विषय दरवर्षी शिकवले जातीलच असे नसते, त्यामुळे संपूर्ण युक्तिवाद एकाच ऐच्छिक विषयावर उभा करू नये.

आता पार्श्वभूमीबद्दल. आपण घरातील पहिले पदवीधर आहोत हे अवश्य लिहावे, परंतु ज्या गोष्टीचा खुलासा त्याने होतो, तिच्या शेजारी लिहावे. माझ्या पहिल्या वर्षाचे गुण नंतरच्या वर्षांपेक्षा कमी होते आणि गुणपत्रिका अर्जासोबत जाणारच होती. म्हणून मी एवढेच लिहिले, की पहिल्या वर्षी शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मी संध्याकाळी नोकरी करत होते आणि दुसऱ्या वर्षी महाविद्यालयाची आर्थिक मदत मिळाल्यावर ती सोडली. गुणांतील वाढ त्यानंतरची आहे. आई-वडिलांच्या कष्टांबद्दल पानभर लिहावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, मलाही वाटले होते. पण मर्यादा ८०० शब्दांची असेल आणि त्यांतील ३०० शब्द त्यावर गेले, तर ज्या कामासाठी शिष्यवृत्ती मागतो, त्या कामालाच जागा उरत नाही. शिवाय हलाखीचे वर्णन जितके लांबते, तितके त्यातून आपण काय करू शकतो हे कमी कळते. दोन-तीन वाक्यांत कारण आणि परिणाम सांगितले, की वाचणारा उरलेले स्वतः समजून घेतो. उत्पन्नाची माहिती अर्जात वेगळी मागितली असेल, तर ती तिथेच द्यावी.

मसुदा झाल्यावर तो आपल्या विषयाबाहेरच्या एखाद्या शिकलेल्या माणसाला वाचायला द्यावा. निवड समितीतील सर्वजण आपल्या विषयाचे असतीलच असे नाही. वाचून झाल्यावर, शिक्षणानंतर मी पहिल्यांदा कोणते काम करणार, असे त्या व्यक्तीला विचारावे. उत्तर "पाण्यासंबंधी काहीतरी" असे आले, तर भाषा सुधारून उपयोग नाही, ध्येयच अजून पुरेसे ठरलेले नाही. वर्षाला एकच नमुना घेतला जातो आणि हिला त्याचे वेळापत्रक बदलायचे आहे, एवढे त्या व्यक्तीने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर परिच्छेद तयार आहे.

त्यानंतर तोच मसुदा शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांना आणि वरिष्ठांना पाठवावा, आणि तोही अंतिम तारखेच्या किमान तीन-चार आठवडे आधी. शिक्षकांना आपले गुण आठवतात, पण आपले ध्येय त्यांना ठाऊक असेलच असे नाही. एसओपीमध्ये भूजल आणि शिफारसपत्रात औषधनिर्मितीची आवड, असे झाले तर मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो. माझ्या वरिष्ठांनी मसुदा वाचून नमुन्यांच्या नोंदवहीचे काम माझ्याकडे कधीपासून होते ते आपल्या पत्रात लिहिले, आणि मुलाखतीत त्या नोंदवहीबद्दलच मला सर्वाधिक विचारण्यात आले.